एक तुला, एक मला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर मध्यंतरी वाद झाला. बाईंनी मुलांना सांगायची गोष्ट टाकली होती आणि एका पालकांनी लिहिलं, "गोष्टीत आहे काय? तेच तेच वाक्य परत परत. शेवटी तात्पर्यसुद्धा नाही." लगेच कुणीतरी तात्पर्यवाल्या संस्कारकथांची पीडीएफ पाठवली. माझ्या मते बाईंची गोष्ट त्या पीडीएफपेक्षा कितीतरी सरस होती, आणि ती सरस होती ती त्या 'तेच तेच' वाक्यामुळेच. त्याच धर्तीवर मी रचलेली ही गोष्ट आधी वाचा.

आजीनं मुक्ताला टोपली दिली. टोपलीत सहा रताळी. गरम गरम रताळी!
दारात बसू आला. बसू म्हणाला, "मला?"
मुक्ता म्हणाली, "एक तुला, एक मला. एक तुला, एक मला. एक तुला, एक मला." टोपली रिकामी!
इतक्यात लक्ष्मी आली. लक्ष्मी म्हणाली, "मला?"
सगळी रताळी परत टोपलीत. मुक्ता म्हणाली, "एक तुला, एक तुला, एक मला. एक तुला, एक तुला, एक मला." टोपली रिकामी!
इतक्यात रेहान आला. रेहान म्हणाला, "मला?"
सगळी रताळी परत टोपलीत. "एक तुला, एक तुला, एक तुला, एक मला." अरेच्चा! टोपलीत दोन उरली.
मुक्तानं दोन्ही मोडली. "अर्धं तुला, अर्धं तुला, अर्धं तुला, अर्धं मला." टोपली रिकामी! सालं शेळीला.

आता तात्पर्याचं बघू. 'वाटून खावं' हे तीन-चार वर्षांच्या मुलांना ठाऊक असतंच. स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस या संशोधकांनी २०१३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर देऊन हेच पाहिलं. निम्मे द्यायला हवेत, असं लहान मुलंही सांगत होती. देताना मात्र जास्तीचे स्वतःकडे ठेवत होती, आणि आपण तसंच करणार हेही आधी खरं खरं सांगत होती! प्रत्यक्षात सारखी वाटणी दिसली ती सात-आठ वर्षांच्या मुलांत. म्हणजे तात्पर्य सांगून जे शिकवायचं ते मुलाला आधीच येतं. एका गोष्टीनं मूल उदार होईल ही आशा सोडलेली बरी.

मग गोष्टीनं द्यायचं काय? वाटायचं कसं, याची रीत. 'एक तुला, एक मला' ही ओळ म्हणजे वाटणीची अख्खी कृती आहे. एक शब्द, एक हात पुढे, एक रताळं. मोजता न येणारं मूलही या रीतीनं सहा रताळी बरोब्बर सारखी वाटू शकतं, कारण त्याला 'सहा भागिले दोन' करावंच लागत नाही. 'मला' म्हटलं की एक फेरी संपली. टोपली 'मला'वर रिकामी झाली तर वाटणी सारखी. मध्येच रिकामी झाली तर कुणाला तरी कमी पडलं. आणि रेहान आल्यावर झालं तसं, फेरी संपल्यावर उरलेली पुढच्या फेरीला पुरत नसली, तर मोडायची वेळ आली. ही खूण कानाला कळते, म्हणून ओळीचा शेवट कधीही बदलू नये. सीमाभागातल्या वर्गात काही मुलं घरी कन्नड बोलतात, त्यांनी 'ओंदु निनगे, ओंदु ननगे' म्हटलं तरी कृती तीच राहते.

याच्या पुढचा भाग मला सर्वांत मजेशीर वाटतो. फ्रायडमन आणि ब्रायंट यांनी १९८८ साली चार वर्षांच्या मुलांना असंच एकेक करून वाटायला लावलं. वाटणी झकास झाली. मग त्यांनी एकाच्या वाट्याच्या वस्तू मोठ्यानं मोजून दाखवल्या आणि विचारलं, दुसऱ्याकडे किती? तुम्ही-आम्ही क्षणात सांगू, तेवढ्याच. पण बरीच मुलं दुसरा ढीग मोजायला निघाली! म्हणजे सारखं वाटता येणं वेगळं आणि 'सारखं म्हणजे संख्या तीच' हे उमगणं वेगळं. हात पुढे असतो, संख्या मागून येते.

म्हणून या गोष्टीवरचा खरा प्रश्न 'टोपलीत काय होतं?' हा नाही. तोही विचारावा, मुलं एका सुरात "रताळी!" ओरडतात आणि लाजरं मूलही बोलतं होतं. नंतर बाईंनी "एक तुला, एक…" म्हणून थांबावं. मुलं ओळ पुरी करतात. "लक्ष्मी आल्यावर मुक्तानं रताळी परत टोपलीत का टाकली?" हाही चांगला प्रश्न, त्याला दोन शब्दांचं उत्तर चालत नाही. पण खरा प्रश्न गोष्टीच्या मधल्या क्षणी येतो, तो सोडू नका. पहिली वाटणी झाली की सहा चिंचोके घेऊन एका मुलाकडून ती करून घ्यावी, बसूच्या ढिगावर रुमाल टाकावा आणि विचारावं, "मुक्ताकडे तीन. बसूकडे किती?" मूल लगेच "तीन" म्हणालं तर त्याला ते उमगलंय. रुमाल उचलायला हात गेला तर अजून उमगलेलं नाही. त्यात बिघडलं काहीच नाही, दोन-तीन महिन्यांनी परत विचारावं. शर्यत लावू नये.

ओळ नुसतीच घोकली जाते, हा धोका मात्र आहे. वर्ग तालात "एक तुला, एक मला" म्हणत असतो आणि वाटणाऱ्या मुलाचा हात 'तुला' आणि 'मला' मिळून एकच चिंचोका टाकतो, किंवा 'मला'वर दोन. अशा वेळी तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहावं. हात चुकत असेल तर वर्गाला गप्प करून एकट्याला सावकाश म्हणायला लावावं. ताल जोरात गेला की हात मागे पडतो.

गोष्ट बदलण्यापेक्षा तीच परत सांगावी, यालाही आधार आहे. जेसिका हॉर्स्ट यांच्या गटानं २०११ साली तीन वर्षांच्या काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, तर काहींना निरनिराळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले. लक्षात जास्त राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पुढचं काय हे माहीत असलं की मुलाचं लक्ष नव्या शब्दाकडे मोकळं राहतं.

राहिला रेहान. गोष्टीतला त्याचा भाग छोट्या गटाला सांगू नये, असं माझं मत. फ्रायडमन-ब्रायंट यांनी एकाला सुट्या आणि दुसऱ्याला जोडीच्या वस्तू द्यायला लावलं, तेव्हा चार वर्षांची मुलं जोडीलाही 'एक'च धरत राहिली. पाच वर्षांच्यांना फरक कळला. अर्ध्या रताळ्याचं तेच होणार. छोटं मूल अर्ध्या तुकड्याला 'एक' म्हणून मोकळं होईल. तेव्हा छोट्यांसाठी लक्ष्मीपाशी थांबावं, चिंचोके वापरावेत, कारण खऱ्या रताळ्यांत लहान-मोठं असतंच आणि "त्याचं मोठं!" म्हणून भांडण जुंपलं की मोजणं बाजूला राहतं. मोठ्या गटाला मात्र मुद्दाम खरं रताळं द्यावं, त्यांच्यासमोर मोडावं आणि विचारावं, "आता प्रत्येकाकडे किती?" कुणी 'दोन' म्हणेल, कुणी 'एक आणि थोडं'. त्या दुसऱ्याला पुढचं रताळं मोडायला द्यावं.