डोळे उघडे, पण नजर नाही

नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंनी मुलीच्या लग्नाचा फोटो आणला होता. मध्ये नवरी-नवरदेव, डावीकडे त्या स्वतः, आणि नवरीच्या उजव्या हाताची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली. तिथे काकांना बसवायचं होतं. काका चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा स्टुडिओत काढलेला एक चांगला, मोठा फोटो घरात होता. मी कडा नीट कापल्या, कातडीचा रंग जुळवला, कोटावर स्टेजच्या दिव्यांचा पिवळेपणा आणला. काकूंनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पाहून नाही राहिले, बाबू. नुसते डोळे उघडे आहेत."

त्यांचं बरोबर होतं. नागपुरात काय आणि कुठे काय, फोटो मिसळण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळा हेच बिघडतं. कडा, रंग, सावल्या जमतात आणि डोळे मेलेले राहतात. कारण साधं आहे. डोळा पाहणाऱ्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांगत असतो: माणूस कुठे पाहतोय, पापण्या कशा आहेत आणि उजेड कुठून येतोय. दुसऱ्या फोटोतून आणलेल्या डोळ्यात ही तिन्ही उत्तरं दुसऱ्या जागेची असतात. म्हणून दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे. आधी नजर, मग पापणी, शेवटी चमक. बहुतेक जण चमकेपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण चमक कुठे पडणार हे आधीच्या दोन गोष्टींवर अवलंबून असतं.

नजरेचं माप घेण्याआधी डोळ्याचं माप माहीत हवं. मोठ्या माणसाचं बुबुळ, म्हणजे डोळ्यातली रंगीत चकती, जवळजवळ सगळ्यांत १२ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतं. चेहरे लहान-मोठे असतात, बुबुळ फारसं नाही. लग्नाच्या फोटोत नवरीचं बुबुळ ३६ पिक्सेल रुंद होतं, म्हणजे एका मिलिमीटरला तीन पिक्सेल. काकांचंही तेवढंच यायला हवं, कारण ते तिच्या शेजारी, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर उभे आहेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते ४० आलं होतं. डोकं मुलीपेक्षा थोडं मोठं झालं होतं आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता नजर. डोळा फिरतो तेव्हा बुबुळ डोळ्याच्या फिरण्याच्या केंद्रापासून साधारण १० मिलिमीटरवर असतं. म्हणजे नजर एक अंशाने वळली की बुबुळ जेमतेम पाव मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. आमच्या फोटोत हे अर्ध्या पिक्सेलएवढं होतं. काकांची दोन्ही बुबुळं मी एकेक पिक्सेल डावीकडे सरकवत गेलो. चार पिक्सेल झाल्यावर ते कॅमेऱ्याच्या भिंगात पाहू लागले. चार पिक्सेल म्हणजे सुमारे आठ अंश. फोटोग्राफर तीन मीटरवर उभा असेल तर आधी काका भिंगाच्या ४० सेंटिमीटर बाजूला पाहत होते. बाकी तिघं कॅमेऱ्यात पाहत होते आणि ते एकटे कुठे तरी पलीकडे. "पाहून नाही राहिले" याचा अर्धा अर्थ एवढाच होता.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १८२४ साली विल्यम हाइड वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने चित्रातल्या डोळ्यांवर एक निबंध वाचला. त्याने दाखवलं की रेखाटलेले तेच डोळे, एक रेघही न बदलता, वेगळ्या दिशेला वळलेल्या नाकाच्या वर ठेवले की वेगळीकडे पाहतात. नजर फक्त डोळ्यात नसते, आपण ती चेहऱ्याच्या वळणासकट वाचतो. म्हणून बुबुळ डोळ्याच्या बरोबर मध्ये ठेवलं की नजर समोर आली, असं मोजपट्टीने ठरवता येत नाही. काकांचं तोंड किंचित वळलेलं होतं आणि भिंगात पाहणारं त्यांचं बुबुळ मधोमध नव्हतंच. मी स्क्रीन मोठी करून एका डोळ्यावर काम करतो, पण निर्णय नेहमी पूर्ण चेहरा हाताएवढा दिसेल इतकं मागे येऊन घेतो.

सरकवण्याला मर्यादा आहे. दहा-बारा अंशांपर्यंत बुबुळ गोलच दिसतं. त्याहून जास्त वळवायचं असेल तर ते लंबगोल व्हायला लागतं, पांढऱ्या भागाची वाटणी बदलते, कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, फुगवटा वरच्या पापणीला ज्या जागी किंचित उचलतो ती जागाही बदलते. अशा वेळी मी घरच्यांना दुसरा फोटो शोधायला सांगतो. कपाटातल्या जुन्या अल्बममध्ये तो बहुतेक सापडतो.

पापणी ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. शांत, जाग्या माणसाची वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेवर एक-दोन मिलिमीटर येते आणि खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकते. स्टुडिओत काकांना कोणीतरी "डोळे मोठे करा" म्हटलं असणार. वरच्या पापणीने बुबुळाला स्पर्शही केला नव्हता आणि बुबुळाच्या वर पांढरी रेघ दिसत होती. अशी रेघ आपण भीती किंवा धक्का म्हणून वाचतो. वरून शेजारी मुलगी मनापासून हसत होती. १८६२ साली ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केल्याप्रमाणे खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळतो, गाल वर येतात आणि खालची पापणी उचलली जाते. सगळ्यांच्या खालच्या पापण्या वर आणि एकाचीच पसरलेली, तर तो एकटा पडतो.

मी वरची पापणी चार पिक्सेल खाली घेतली आणि खालची दोन पिक्सेल वर. दोन पिक्सेल वाचायला काहीच वाटत नाहीत, पण चेहरा तेवढ्यानेच मऊ झाला. काकांच्या ओठांवर हसू नव्हतं आणि ते मी आणलंही नाही. तो त्यांचा चेहरा होता.

इथली नेहमीची चूक मला पोटतिडकीने सांगावीशी वाटते. फोटोतला भाग ढकलून हलवणाऱ्या लिक्विफायच्या ब्रशने पापणी खाली ढकलली की खालचं बुबुळही दाबलं जातं आणि अंड्यासारखं होतं. खरी पापणी बुबुळाला दाबत नाही, झाकते. म्हणून डोळा थरांमध्ये बांधायचा: सगळ्यात खाली पांढरा भाग, त्यावर अख्खं गोल बुबुळ, त्यावर चमक, त्यावर वरच्या पापणीची पातळ सावली आणि सगळ्यात वर पापणीची कातडी नि केस. मग पापणी कितीही हलवा, खालचं बुबुळ गोलच राहतं. त्या पातळ सावलीशिवाय डोळा चिकटवलेल्या बटणासारखा दिसतो. तसंच पांढरा भाग पांढरा करायच्या मोहात पडू नये. तो गोल आहे, पापणीखाली आहे, कोपऱ्यांकडे गुलाबी होत जातो. पांढराशुभ्र केला की पुतळा होतो.

आता चमक, ज्याला आम्ही कॅचलाइट म्हणतो. कॉर्निया म्हणजे अश्रूंच्या पातळ थराने ओला असलेला छोटा बहिर्वक्र आरसा आहे आणि चमक म्हणजे त्यात दिसणारं दिव्याचं चिमुकलं प्रतिबिंब. तो ओलावा गेला की प्रतिबिंब फाटकं आणि मंद होतं. मृत माणसाच्या उघड्या डोळ्यात नेमकं तेच होतं, म्हणून चमक नसलेला डोळा आपल्याला इतका खोलवर टोचतो.

काकांच्या प्रत्येक डोळ्यात दोन चमका होत्या, कारण त्या स्टुडिओत दोन्ही बाजूंना दिव्यांच्या छत्र्या लावल्या होत्या. लग्नात एकच सॉफ्टबॉक्स, म्हणजे पेटीत बसवलेला मऊ उजेडाचा दिवा, फोटोच्या डावीकडून, थोडा वरून. कॉर्नियाच्या आरशाची त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर असते. दिवा कॅमेऱ्यापासून ४५ अंश बाजूला असेल तर चमक बाहुलीच्या मध्यापासून जवळजवळ तीन मिलिमीटरवर पडते, म्हणजे मध्य आणि बुबुळाची कड यांच्या निम्म्या वाटेवर. आमच्या फोटोत नऊ पिक्सेल. घड्याळाच्या भाषेत दहा वाजण्याच्या जागी, दोन्ही डोळ्यांत सारखीच. नवरीच्या डोळ्यात मोजून पाहिलं तर अगदी तिथेच होती. सॉफ्टबॉक्स साधारण ९० सेंटिमीटरचा आणि तीन मीटरवर, म्हणून प्रतिबिंब साडेतीन पिक्सेलचं. मी जुन्या दोन्ही चमका पुसल्या आणि नवरीच्या चमकेएवढीच, तिच्याच रंगाची, तिच्याइतकीच किंचित धूसर कडेची एक ठेवली. पूर्ण पांढरा ठिपका ठेवला असता तर तिच्यापेक्षा उजळ दिसला असता.

मूळ चमक ठेवायची असेल तर एक बारकावा आहे. बुबुळ सरकवताना चमकही तेवढीच सरकवणं चूक, कारण आरशाचा मध्य फिरण्याच्या केंद्राच्या जवळ असतो. बुबुळ चार पिक्सेल गेलं तर चमक सुमारे दोनच जाते. ती बुबुळाला चिकटून गेली की उजेडच हलल्यासारखा वाटतो. खोटे फोटो ओळखणाऱ्यांनाही हा मार्ग ठाऊक आहे. २००७ साली मायका जॉन्सन आणि हॅनी फरीद यांनी निबंध लिहून दाखवलं की एकाच फोटोतल्या माणसांच्या डोळ्यांतल्या चमकांवरून दिव्याची दिशा काढता येते आणि ती जुळत नसेल तर फोटो जोडलेला आहे हे कळतं.

आपल्याकडच्या उन्हाळी फोटोंना हे लागू करताना जपावं. नागपुरात २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अंगणात काढलेल्या फोटोत भुवई आणि पापणी सगळा उजेड अडवतात, खोबणी काळ्या पडतात आणि कोणाच्याच डोळ्यात वरची चमक नसते. असलीच तर फरशीवरून आलेल्या उजेडाची, बुबुळाच्या खालच्या अर्ध्यात. अशा फोटोत एकट्याच्या डोळ्यात दहा वाजताची चमक घातली तर तोच परका वाटतो.

काकूंना दुसऱ्यांदा फोटो दाखवला. या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत, मोबाइल जवळ घेतला. मग म्हणाल्या, "पाहून तर राहिले. पण यांचा डावा डोळा थोडा बारीक होता." काका आतल्या बाजूला वळलेले दिसावेत म्हणून मी सुरुवातीलाच त्यांचा फोटो उलटवला होता. त्यामुळे बारीक डोळा उजव्या बाजूला गेला होता आणि पापण्या हलवताना मी दोन्ही डोळे जवळजवळ सारखे करून टाकले होते. त्याच दिवशी त्यांच्या डाव्या डोळ्याची वरची पापणी आणखी दोन पिक्सेल खाली घेतली, उजव्याची एक पिक्सेल वर केली आणि फोटो छापायला दिला.