लाल धूळ कुठून सुरू होते?

वडगावात आक्काच्या घरी बाथरूममधला गिझर कलला. पडला नाही, पण डावी बाजू दोन बोटं खाली आली होती आणि तिथल्या स्क्रूपासून टाइलवर केसाएवढी चीर गेली होती. वीज बंद करून, पाणी काढून, भाच्याने आणि मी मिळून गिझर उतरवला. डावा स्क्रू पकडीची वाट न बघता हातानेच बाहेर आला, त्याला धरायला भिंतीत ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या गट्टूसकट.

गट्टू दहा नंबरचा, मूळचा ५० मिमी लांब. पण भोक तेवढं खोल गेलं नव्हतं म्हणून बसवणाऱ्याने त्याची शेपटी कापून ४० केली होती. भोकात सायकलची तार घालून मोजलं. टाइल ८ मिमी, तिच्यामागचा मसाला आणि गिलावा मिळून २०. म्हणजे ४० पैकी २८ मिमी गट्टू विटेपर्यंत पोचलाच नव्हता. विटेत होता तो फक्त १२. शिवाय विटेतलं भोक दहा मिमीचं राहिलं नव्हतं. चाचपून पाहिलं तर बारा-तेराचं, कडा खचलेल्या.

"बिट तर दहाचंच वापरलं असणार की मामा," भाचा म्हणाला. बिट दहाचंच असणार. भोक मात्र बिट आणि भिंत दोघं मिळून ठरवतात.

काँक्रीटला भोक पाडणं म्हणजे ते कापणं नव्हे. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ओढलं तर त्याच्या साधारण एक दशांश बळावरच तुटतं. टोकाचा ठोका बसला की त्याखाली बारीक भेगा पडतात, कपचे उडतात; बिटचं फिरणं ते टोक पुढच्या जागी नेतं आणि पीळ धूळ बाहेर काढतो. साधं ड्रिल नुसतं फिरतं. खडीच्या कठीण दाण्यावर ते घासत बसतं आणि बिट लाल होतं. म्हणून हॅमर ड्रिलमध्ये एकमेकांवर टेकलेल्या दातेरी चकत्या असतात. एक फिरताना दुसरीच्या दातांवरून उड्या मारते. चकतीला १६ दात आणि मिनिटाला २,८०० फेरे धरले तर ठोके होतात ४४,८००. ठोका मात्र हलका, कारण चकत्या एकमेकींवर दाबायचं काम आपल्या हाताचं. बीम फोडायला गवंडी आणतात ते रोटरी हॅमर वेगळं. त्यात हवेच्या दाबावर दट्ट्या आपटतो. ठोके मिनिटाला चारेक हजारच, पण एकेक ठोका दोन-तीन जूलचा. एक किलोचं वजन वीतभर उंचीवरून पडावं तसा.

हाच ठोका भाजलेल्या मातीच्या मऊ विटेवर बसला की कपचे नेमक्या जागी उडत नाहीत, आजूबाजूची माती खचते. त्यातून बिट थोडं डोलतं. दहाच्या बिटने बाराचं भोक पडतं ते असं. आपल्याकडच्या गावभट्टीच्या विटांना हॅमरची गरज सहसा लागत नाही. बटण नुसत्या फिरण्यावर ठेवलं तरी दगडी बिट, म्हणजे दगड-विटांसाठीचं कार्बाइडच्या टोकाचं बिट, त्यांत आरामात उतरतं. खानापूरकडच्या जांभ्याच्या घरांत तर आणखी सांभाळावं लागतं. जांभ्यात मुळातच पोकळ्या असतात, आणि ठोका मारला की पोकळ्यांमधले पातळ पडदे ढासळतात. गट्टू आत जातो आणि गोल फिरत राहतो.

टाइलचं दुखणं निराळं. ती कडक आणि ठिसूळ, मागे मसाला सगळीकडे टेकलेला असतोच असं नाही. पोकळ जागेवर ठोका बसला की टाइल वाकू बघते, आणि वाकणं तिला येत नाही. त्यामुळे टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. गुळगुळीत चकाकीवर बिट घसरतं म्हणून चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करायची. साध्या भिंतीच्या टाइलला भाल्याच्या पात्यासारखं टाइल बिट पुरतं. व्हिट्रिफाइड असेल तर हिऱ्याच्या कणांचं पोकळ बिट आणि थोडं पाणी.

आम्ही गिझर दोन इंच वर सरकवला, जुन्या भोकांना हात लावला नाही. टाइलला आधी ६ आणि मग १२ चं भोक पाडलं. गट्टू दहाचा असताना टाइलला बारा कशाला? कारण स्क्रू घुसला की गट्टू फुगतो, आणि तो टाइलच्या कडेला दाबला तर चीर तिथूनच निघते. ती जागा मोकळी हवी. गट्टू टाइलच्या मागे, पूर्ण विटेत बसायला हवा.

मग दहाचं दगडी बिट, हॅमर बंद. आधी पांढुरकी-करडी धूळ आली, आणि २८ मिमीवर लाल झाली. भिंतीत कुठे काय आहे हे सांगणारं याहून स्वस्त यंत्र नाही. तिथून पुढे ५० मिमी गट्टू, वर स्क्रूच्या टोकाला आणि उरलेल्या धुळीला जागा, म्हणून बिटवर १०० ला चिकटपट्टी गुंडाळली. भिंत साडेचार इंची, पलीकडे निघायची भीती नव्हती.

स्क्रूचा हिशेब असा: गिझर टांगायची पट्टी ३, टाइल आणि गिलावा २८, गट्टू ५०, आणि टोक गट्टूच्या बाहेर स्क्रूच्या जाडीइतकं यावं म्हणून ८. बेरीज ८९. हार्डवेअरवाल्याकडून ८ मिमी जाडीचे ९० चे स्क्रू आणले. दहाच्या गट्टूला साधारण ६ ते ८ चा स्क्रू चालतो. आठच्या गट्टूला साडेचार ते सहाचा. स्क्रू बारीक पडला तर गट्टू फुगतच नाही, आणि मग भोक कितीही नेमकं असून काही उपयोग नाही.

सायकलच्या पंपाने भोक फुंकून घेतलं. भाच्याने गट्टू बोटाने ढकलला, अर्ध्यात अडला. हातोडीच्या चार हलक्या टोल्यांत आत गेला. बोटानेच सबंध आत गेला असता तर भोक सैल, आणि गट्टू वाकला असता तर भोकात धूळ किंवा बिट झिजलेलं. दगडी बिटचं कार्बाइडचं टोक नव्यात नावापेक्षा किंचित मोठं असतं, दहाच्या बिटचं दहाहून थोडं जास्त. झिजलं की ते दहाच्या खाली उतरतं आणि गट्टू जाईनासा होतो. उलट फार मऊ विटेत दहाचंही भोक सैल पडत असेल तर ९ चं बिट घेऊन पाहावं. आधी कोपऱ्यात एक चाचणीचं भोक पाडून बघणं बरं.

पूर्वी अशा ठिकाणी सुतार लाकडी गुल्ली ठोकायचे. आपल्या पावसाळ्यात ती फुगायची, उन्हाळ्यात आकसायची. आज मिळतो त्या नायलॉनच्या गट्टूला आकार दिला १९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी. त्याचे दोन्ही गाल फुगून भिंतीला घट्ट धरतात. पण धरायला भिंतीत काहीतरी टणक असावं लागतं.

पंधरा लिटरचा गिझर भरला की पंचवीस किलोच्या घरात जातो. त्याचं वजन भिंतीपासून वीतभर पुढे असतं, त्यामुळे खालची कड भिंतीला टेकते आणि वरचे स्क्रू बाहेर ओढले जातात. जुन्या १२ मिमीने एवढे दिवस ते ओढणं सोसलं, हेच नवल.

गिझर झाला तशी आक्काने पडद्याची दांडी पुढे केली. ती खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटलला लावायची होती. तिथे भाच्याने शहाणपणाने हॅमर बंदच ठेवला आणि पाच मिनिटांत बिटच्या टोकाचा निळा रंग दिसायला लागला. "आता चालू कर की," मी म्हटलं. हॅमर चालू केला तसं सहाचं बिट सरळ आत गेलं, करडी धूळ पडायला लागली. दुसऱ्या भोकाला तीन सेंटीमीटरवर आवाज किरकिरा झाला, धूळ थांबली आणि टोकाला चकचकीत कीस चिकटलेला दिसला. सळई लागली होती. भोक इंचभर बाजूला घेतलं.