रिप्लाय दाबल्यावर विस्कटणारी मांडणी : पार्श्वभूमी

साध्या मजकुराच्या काळात ई-मेलची मांडणी म्हणजे सत्तर-ऐंशी अक्षरांत ओळ मोडायची आणि समोरच्याच्या ओळीपुढे > लावायचं, एवढंच. १९९२ साली माइम हे मेलच्या रचनेचं प्रमाण आलं आणि एकाच मेलमध्ये दोन प्रती पाठवता येऊ लागल्या, आधी साधी, मग एचटीएमएल. मेल उघडणारा प्रोग्रॅम त्यांतली त्याला कळणारी शेवटची प्रत दाखवतो. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

गुंता झाला आउटलुक २००७ मध्ये. त्याआधीचं आउटलुक आलेला मेल ब्राउझरच्या इंजिनाने दाखवायचं, पण लिहायला अनेक जण वर्डचं संपादन वापरायचे. त्यामुळे वाचताना नेटका दिसणारा मेल रिप्लाय दाबताच वेगळा दिसे. २००७ मध्ये वाचनही वर्डकडेच सोपवलं गेलं. लिहिलं तेच समोरच्याला दिसावं, हे कारण दिलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. पण दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून चांगली बाजू उचलण्याऐवजी दुबळी बाजू उचलली गेली, असं माझं मत आहे. वर्डला मजकुराशेजारी चित्र बसवणारं फ्लोट कळत नव्हतं, मजकुरामागचं चित्र दिसत नव्हतं, डिव्ह या चौकटीला सीएसएसच्या नियमाने दिलेली रुंदी चालत नव्हती. २००९ मध्ये पुढच्या आवृत्तीतही वर्डच राहणार हे कळल्यावर ट्विटरवर बराच गदारोळ झाला. मेलसाठी एचटीएमएलचं सर्वमान्य प्रमाणच नाही, असं उत्तर मायक्रोसॉफ्टकडून मिळालं. तेही खरंच होतं.

तेव्हापासून मांडणी करणारे टेबलांकडे परतले. रुंदीसाठी मजकुराच्या आधी आजही हे लिहिलं जातं, फक्त वर्डला दिसावं म्हणून, आणि मजकुरानंतर ते टेबल तशाच टिप्पणीत बंद केलं जातं:

```
<!--[if mso]>
<table width="600"><tr><td>
<![endif]-->
```

तीन रकान्यांचं दरपत्रक घ्या. माल, नग, दर. जीमेलमध्ये ते ठीक दिसतं. जीमेलनेही २०१६ पर्यंत मेलच्या कोडच्या सुरुवातीला, हेडमध्ये, एकत्र लिहिलेली स्टाइल काढून टाकली होती, म्हणून प्रत्येक रंग त्या त्या टॅगवरच लिहायची सवय लागली. वर्डवाल्या आउटलुकमधून फॉरवर्ड केलं की वर्ड सगळा कोड स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहितो, आणि पुढच्याला पोचते ती त्याची प्रत, तुमची नव्हे. साध्या मजकुरात रिप्लाय केला तर टेबलच उरत नाही. "५० नग" कुठल्या मालाचे, हे ओळींच्या क्रमावरून ओळखायचं.

स्पेस मारून रकाने जुळवणं इंग्रजीत निदान समान रुंदीच्या फाँटमध्ये तरी जमतं. मराठीत तेही नाही, कारण "क्षि" चार चिन्हांचं असून जागा एकाच अक्षराएवढी घेतं. ज्याला साध्या मजकुरात उत्तर येणार हे माहीत आहे, त्याने रकाने सोडून "माल : वही, नग : ५०, दर : ४० रु." अशी एकेक ओळ लिहावी. ती कुठल्याही रिप्लायमधून तशीच परत येते.