ईमेल बदलताना आम्ही उलटा फोन का करतो
(आमचे बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानदारांसाठी)

मार्चअखेर सरली की बऱ्याच दुकानांत अकाउंटंट बदलतो आणि आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात: "जुना माणूस गेला, खात्याचा ईमेल बदलून द्या." आमची मुलं सांगतात, "फोन ठेवा, नोंदवलेल्या नंबरवर आम्हीच लावतो." इथे काही जण नाराज होतात. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि ओळख विचारता? ती नाराजी आम्हाला समजते, म्हणून कारण नीट सांगतो.

पूर्वी आम्हीही दुकानाचं नाव, जीएसटी नंबर आणि पॅन विचारून काम करून द्यायचो. ते आम्ही बंद केलं. जीएसटी नंबर तुमच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो आणि त्याच्या १५ अक्षरांपैकी तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅनच. तुमचं बिल हातात असलेला कुणीही या प्रश्नांची बरोबर उत्तरं देईल. सोडून गेलेला अकाउंटंट तर तुमच्यापेक्षा पटकन देईल. फोनवर दिसणाऱ्या नंबरवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण दुसऱ्याचा नंबर दिसेल असा फोन लावता येतो. आम्ही उलटा फोन केला की तो मात्र खऱ्या नंबरवरच जातो.

पैसे परत मागणाऱ्यांना आम्ही फारसं काही विचारत नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. चुकून दोनदा पैसे भरले असतील तर पावती नंबर सांगा, पुरे. रक्कम जिथून आली त्याच खात्यात किंवा कार्डावर परत जाते, साधारण ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत. मागणारा भलताच असला तरी पैसे तुमच्याकडेच येतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आधार किंवा पासबुकाचे फोटो पाठवू नका, आम्हाला ते लागत नाहीत. "दुसऱ्या खात्यात टाका" म्हटलं, किंवा मूळ खातं बंद झालेलं असलं, तरच आम्ही ईमेल बदलण्याइतकीच काटेकोर ओळख पटवतो.

ईमेलचं तसं नाही. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात पासवर्ड, आणि पासवर्डाबरोबर तुमची उधारी, खरेदीचे भाव, गिऱ्हाइकांचे नंबर. म्हणून उलट्या फोननंतर जुन्या आणि नव्या दोन्ही ईमेलवर सूचना जाते आणि २४ तास थांबतो. कुणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं असेल तर उलटा फोनही त्यालाच लागेल. तेव्हा ही सूचनाच उपयोगी पडते. या २४ तासांत बिलं निघत राहतात, फक्त डेटा डाउनलोड करणं आणि पुसणं बंद असतं. ओटीपी किंवा यूपीआय पिन आम्ही कधीच विचारत नाही. आमचं नाव सांगून कुणी विचारला तर फोन तिथेच ठेवा.

खरा वेळ जातो तो एकाच चुकीने: खातं उघडताना ईमेलही अकाउंटंटचा आणि मोबाइलही त्याचाच. सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्यांचं असंच झालं. सोमवारी त्यांचा फोन आला, पण उलटा फोन करायचा तर जुन्या माणसालाच लागणार. मग आम्ही मागच्या दोन नूतनीकरणांच्या पेमेंटचे १२ आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक विचारले. एक दुकानाच्या खात्यातला निघाला, जुळला. दुसऱ्या वर्षी मात्र अकाउंटंटने स्वतःच्या यूपीआयवरून पैसे भरून दुकानातून रोख घेतले होते, त्यामुळे तो क्रमांक मालकांकडे नव्हताच. शेवटी मंगळवारी आमचा माणूस दुकानात गेला, भिंतीवरचं जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र आणि मालकांचं ओळखपत्र पाहून आला. जुन्या ईमेलवर आणि मोबाइलवर सूचना पाठवून ४८ तास वाट पाहिली, हरकत आली नाही, आणि गुरुवारी ईमेल बदलला. चार दिवस नवा माणूस खात्यात शिरू शकला नाही. मालकांचा नंबर नोंदवलेला असता तर दहा मिनिटांचा फोन आणि एक दिवसाची वाट, एवढ्यावर भागलं असतं.

तेव्हा जुना अकाउंटंट कामावर असतानाच दोन गोष्टी करून घ्या. ईमेल दुकानाच्या नावाने नवा काढा, आणि 'सेटिंग्ज'मधल्या 'मालकाचा संपर्क' या जागी तुमचा स्वतःचा मोबाइल भरा. त्याचं वेगळं शुल्क नाही. नव्या माणसाला मालकाचा पासवर्ड देण्याऐवजी त्याच्या नावाचं वेगळं लॉगिन काढून द्या. वार्षिक योजनेत अशी तीन लॉगिन आहेतच. तो गेला की तेवढं एक बंद करायचं, ईमेलला हात लावावा लागत नाही. जमत नसेल तर सकाळी १० ते ७ या वेळेत फोन करा, सोबत बसून भरून देऊ. तो नंबर नोंदवण्याआधीही आम्ही उलटा फोन करूच.