झीज की नुकसान? घर सोडताना डिपॉझिटमधून नेमके काय कापायचे

भाडेकरू घर रिकामे करतो त्या दिवशी भिंतीवरचा प्रत्येक डाग घरमालकाला नुकसान वाटतो आणि भाडेकरूला झीज. झीज म्हणजे घर नेहमीसारखे वापरले तरी होणारच असा बदल: उन्हाने उडालेला पडद्यामागचा रंग, कपाट होते तिथला फिकट चौकोन, नळाचा कडक झालेला वॉशर, क्षारयुक्त पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढलेला थर. नुकसान मात्र कुणाच्या तरी हातून किंवा दुर्लक्षामुळे होते. झिजेचा खर्च भाड्यातच धरलेला असतो, त्यामुळे डिपॉझिटमधून झिजेचे नव्हे, नुकसानाचे पैसे कापता येतात.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येही भाडेपट्टेदाराने घर होते तसे परत करावे, पण वाजवी झीज वगळून, असेच म्हटले आहे. आपल्याकडचे बहुतेक करार मात्र लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाडेपट्टा नव्हे तर परवाना. म्हणून आधी स्वतःच्या करारातले वाक्य वाचा. रंगासाठी ठरावीक रक्कम कापायची असे त्यात लिहून सही झाली असेल, तर रंगापुरता हा वाद तिथेच संपतो.

तुलना करायची ती घरात येतानाच्या नोंदीशी, नव्या घराशी नाही. ती नोंद नसेल, तर ओट्यावरचा टवका कुणाचा हे ठरवायला काही आधार उरत नाही आणि तो भाडेकरूच्या नावावर टाकणे योग्य नाही. पहिली पाहणी घर सोडायच्या दोन-तीन आठवडे आधी करा, म्हणजे भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून घेता येते. दुसरी सामान हलवल्यावर, दिवसाउजेडी. जुने फोटो मोबाइलवर उघडून त्याच कोनातून नवे काढा. फरशीच्या चिरेजवळ एक रुपयाचे नाणे ठेवले की तिची लांबी कळते. भिंतीला टॉर्च जवळजवळ चिकटवून तिरका उजेड टाकला की समोरून न दिसणारे खड्डे आणि बुजवलेली भोके उठून दिसतात. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि लगेच सिंकखालच्या पाइपाच्या सांध्यावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर गळती आहे.

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हिशेब नमुन्यादाखल घेऊ. डिपॉझिट ६०,००० रुपये, मुक्काम २२ महिने. मालकाने संपूर्ण घराच्या रंगाचे २८,०००, सिंकखालच्या ट्रॉलीचे ६,००० आणि नळाचे ७०० असे ३४,७०० रुपये मागितले.

हॉल आणि मोठ्या बेडरूमचा रंग फक्त मळला होता आणि फोटोफ्रेमच्या खिळ्यांची चार-पाच भोके होती. ही झीज, कापायचे काही नाही. मुलांच्या खोलीत मात्र मेणाच्या खडूच्या रेघा होत्या आणि चिकट हुक ओढून काढल्याने पुट्टीचे पोपडे निघाले होते. तेवढाच तुकडा रंगवला तर जुन्या रंगात ठिगळ दिसते, म्हणून ती एक खोली रंगवण्याचा खर्च धरायचा: ८,०००. पण रंग २४ महिने जुना होता, भाडेकरू येण्याच्या दोन महिने आधीचा. रंगाचे आयुष्य चार वर्षे धरले तर निम्मे संपलेलेच होते. भाडेकरूने वाया घालवले ते उरलेले निम्मे, म्हणजे ४,०००. हाच रंग चार वर्षांपूर्वीचा असता, तर कपात शून्य.

ट्रॉलीवरून वाद होतो, कारण तिथे झीज आणि नुकसान एकातून दुसरे निघतात. सिंकखालचा सांधा सैल होणे ही झीज आणि ती दुरुस्त करणे मालकाचे काम. पण पाणी महिनोन्महिने ठिबकत राहिले, कुणी कळवले नाही आणि प्लायवूड फुगले, तर ते नुकसान. कळवल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज असता आणि मालकानेच चालढकल केली असती, तर हाच खर्च मालकावर गेला असता. इथे मेसेज नव्हता. ट्रॉली पाच वर्षांची, आयुष्य दहा धरले. ६,००० चे निम्मे, ३,०००.

नळाचा वॉशर गेला होता. झीज, शून्य.

शेवटचे वीजबिल १,३५० रुपये राहिले होते. ते नुकसान नव्हे, थकबाकी. म्हणून वेगळ्या ओळीत लिहायचे. एकूण कपात ८,३५०, परत ५१,६५० रुपये. मालकाने प्रत्येक कपातीसमोर दोन्ही फोटो, वस्तूचे वय आणि कारागिराचे बिल किंवा लेखी अंदाज जोडावा. नुसते ‘पेंटिंग व इतर’ अशी ओळ आली तर भाडेकरूने सही करू नये, आधी तपशील मागावा.