अटल पेन्शन बंद पडली म्हणजे पैसे बुडाले का?

"दोन वर्षं हप्ता गेला नाही तर अटल पेन्शनचं खातं कायमचं बंद होतं आणि भरलेले पैसे सरकारजमा होतात, खरं का?"

नाही हो. सुरुवातीला ६ महिन्यांनी फ्रीझ, २४ महिन्यांनी बंद असा नियम होता खरा, तोच मेसेज अजून फिरतोय, पण तो नियम नंतर बदलला. पैसे तेव्हाही सरकारजमा होत नव्हते. आता हप्ता थांबला तरी खातं चालू राहतं, फक्त मेंटेनन्स चार्जेस त्यातून कापले जातात, त्यामुळे आत थोडेच पैसे असतील तर ते हळूहळू शून्यावर येऊ शकतं.

दंड म्हणाल तर दर १०० रुपयांना किंवा त्याच्या भागाला महिन्याला १ रुपया. समजा वयाच्या तिसाव्या वर्षी ५००० च्या पेन्शनसाठी खातं काढलं, महिन्याचा हप्ता ५७७, म्हणजे एका थकलेल्या हप्त्याला महिन्याला ६ रुपये. सलग सहा हप्ते थकले तर ३४६२ आणि वर, पहिल्या हप्त्याला सहा महिन्यांचा, शेवटच्याला एका महिन्याचा असा धरून, साधारण १२६ रुपये दंड, आणि गंमत म्हणजे तो दंडही तुमच्याच पेन्शन खात्यात जमा होतो.

परत चालू करायला वेगळा अर्ज नको, सेव्हिंगमध्ये पैसे ठेवा, बँक थकबाकी कापून घेते. एकदम बरेच हप्ते जातात बरं का, ५७७ ठेवून चालू होईल असं समजू नका. झेपत नसेल तर वर्षातून एकदा बँकेत जाऊन पेन्शनची रक्कम कमी करून घेता येते.

खरा तोटा साठच्या आधी स्वतःहून बाहेर पडलात तर, मग पेन्शनची हमी गेली, आपले हप्ते आणि त्यावरचं प्रत्यक्ष व्याज चार्जेस वजा करून मिळतं, सरकारने टाकलेला वाटा असेल तर तो मिळत नाही.