फंडाचा परतावा आणि मानदंड निर्देशांक: समान तारखांची तुलना

म्युच्युअल फंडाच्या योजनेने दिलेला परतावा आणि त्याच योजनेच्या मानदंड निर्देशांकाचा (बेंचमार्कचा) परतावा एकाच आरंभतारखेपासून एकाच अखेरतारखेपर्यंत मोजून शेजारी ठेवणे, म्हणजे ही तुलना. सक्रिय योजनेचा व्यवस्थापक शेअर निवडतो आणि त्या निवडीसाठी गुंतवणूकदाराकडून दरवर्षी खर्च वसूल होतो. तोच पैसा निवड न करता निर्देशांकात राहिला असता तर किती झाला असता, हे कळल्याशिवाय त्या खर्चाच्या बदल्यात काय मिळाले हे सांगता येत नाही. फंडाने पाच वर्षांत पैसे पावणेदोन पट केले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्या काळात सगळा बाजारच तेवढा वाढलेला असू शकतो.

भारतात ही तुलना करणे सोपे आहे, कारण लागणारे सर्व आकडे सार्वजनिक आहेत. प्रत्येक योजनेचे दररोजचे निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एका युनिटची किंमत दाखवणारी एनएव्ही, amfiindia.com वर जुन्या तारखांसह मिळते. निफ्टी कुटुंबातील निर्देशांकांची रोजची मूल्ये niftyindices.com वर मिळतात. अडचण आकडे मिळवण्यात नाही, योग्य जोडी लावण्यात आहे.

खर्च कुठे लपलेला असतो

योजनेचा खर्च गुंतवणूकदाराकडून वेगळे बिल लावून घेतला जात नाही. वार्षिक खर्चाच्या प्रमाणाचा (एक्स्पेन्स रेशोचा) एका दिवसाचा वाटा रोज योजनेच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर एनएव्ही जाहीर होते. त्यामुळे एनएव्हीवरून काढलेला परतावा खर्च वजा जाऊनच आलेला असतो. बरेच जण त्यातून खर्चाचे प्रमाण पुन्हा एकदा वजा करतात आणि फंडावर अन्याय करतात.

एकाच योजनेचे दोन प्लॅन असतात. रेग्युलर प्लॅनच्या खर्चात वितरकाचे कमिशन धरलेले असते, तर 1 जानेवारी 2013 पासून सुरू झालेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये ते नसते. दोन्हींचा पोर्टफोलिओ आणि व्यवस्थापक तोच असतो, फक्त कापली जाणारी रक्कम वेगळी. या तुलनेला हा योग फार उपयोगी पडतो, कारण दोन प्लॅनच्या परताव्यातला फरक पाहिला की खर्चाचा परिणाम जवळजवळ उघडा दिसतो.

तुलनेसाठी दोन्हीकडे ग्रोथ पर्यायाचीच एनएव्ही घ्यावी लागते. लाभांश वाटप होणाऱ्या पर्यायात वाटलेली रक्कम एनएव्हीतून बाहेर पडते आणि फंड आहे त्याहून कमकुवत दिसतो.

लाभांशाचा प्रश्न

टीव्हीवर दिसणारा निफ्टी हा फक्त किमतींचा निर्देशांक असतो. कंपन्यांनी दिलेला लाभांश त्यात धरलेला नसतो. फंडाला मात्र हा लाभांश मिळतो आणि तो एनएव्हीत मिसळतो. म्हणजे किमतींच्या निर्देशांकाशी तुलना केली तर फंडाला दरवर्षी लाभांशाएवढी आघाडी फुकट मिळते. मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात ती साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास राहिली आहे. आकडा लहान वाटतो, पण अनेक योजनांची निर्देशांकावरची सगळी आघाडीच तेवढी असते.

यावर उपाय म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्स, म्हणजे टीआरआय. त्यात लाभांश त्याच निर्देशांकात पुन्हा गुंतवला असे धरलेले असते. बाजार नियामक सेबीने 4 जानेवारी 2018 च्या परिपत्रकाने फंडांना टीआरआयशीच तुलना दाखवणे बंधनकारक केले आणि 1 फेब्रुवारी 2018 पासून ते लागू झाले. त्याआधीच्या माहितीपत्रकांत ‘निर्देशांकाला मागे टाकले’ असे लिहिलेले आढळले, तर ते कोणत्या निर्देशांकाला, हे आधी तपासायला हवे.

तारखा जुळल्या नाहीत तर

मार्च 2020 मधले आकडे याचा सर्वांत ठळक दाखला आहेत. शुक्रवारी, 20 मार्चला निफ्टी 50 हा 8745.45 वर बंद झाला होता. सोमवारी, 23 मार्चला तो 7610.25 वर आला, म्हणजे एकाच कामकाजाच्या दिवसात सुमारे 13 टक्के घसरला. 31 मार्चला तो पुन्हा 8597.75 वर होता. तीन वर्षांनी, 31 मार्च 2023 रोजी, तो 17359.75 वर बंद झाला.

आता वार्षिक चक्रवाढ परतावा काढून पाहू. आरंभ 31 मार्च 2020 धरला तर तो सुमारे 26.4 टक्के येतो. आरंभ 23 मार्च धरला तर सुमारे 31.4 टक्के. अखेरतारीख तीच, निर्देशांक तोच, आरंभ फक्त आठ दिवस अलीकडे-पलीकडे. तरी तीन वर्षे दरवर्षी पाच टक्क्यांचा फरक दिसतो. एका बाजूला फंडाचा आकडा 23 मार्चपासूनचा आणि दुसऱ्या बाजूला निर्देशांकाचा 31 मार्चपासूनचा ठेवला, तर सामान्य फंडही असामान्य ठरतो.

अशी चूक नेहमी मुद्दाम होत नाही. ॲपवर फंडाचा परतावा कालच्या एनएव्हीवर मोजलेला असतो आणि निर्देशांक आजचा असतो. फॅक्टशीट महिनाअखेरीची असते आणि वाचणारा तिची तुलना पंधरा दिवसांनंतरच्या बाजाराशी करतो. ‘सुरुवातीपासून’ या शीर्षकाखाली रेग्युलर प्लॅनचा हिशेब योजना सुरू झाल्यापासूनचा असतो, तर जुन्या योजनांच्या डायरेक्ट प्लॅनचा जानेवारी 2013 पासूनचा, म्हणून हे दोन आकडे शेजारी छापलेले असले तरी तुलनीय नसतात. निवडलेल्या तारखेला सुट्टी असेल तर दोन्हीकडे आधीचा कामकाजाचा दिवस घ्यावा. एनएव्ही त्या दिवसाच्या बंद भावांवर ठरते, म्हणून तिच्यासमोर निर्देशांकाचेही त्याच दिवसाचे बंद मूल्य ठेवावे.

एक हिशेब

पुढचे आकडे काल्पनिक आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे. मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या एका लार्ज कॅप योजनेत 1 लाख रुपये एकरकमी गुंतवले आणि बरोबर पाच वर्षे ठेवले. रेग्युलर प्लॅनचा खर्च वर्षाला 1.9 टक्के, डायरेक्टचा 0.9 टक्के. मानदंड निफ्टी 100 टीआरआय.

रेग्युलर प्लॅनची एनएव्ही 40 रुपयांवरून 68.80 वर गेली. स्प्रेडशीटमध्ये हिशेब असा लिहितात:

```
=(68.80/40)^(1/5)-1
```

उत्तर 11.46 टक्के. याच पाच वर्षांत किमतींचा निर्देशांक 10,000 वरून 16,900 झाला, म्हणजे 11.07 टक्के. इथे थांबले तर फंड जिंकला. पण टीआरआय 10,000 वरून 17,950 झाला आहे, म्हणजे 12.41 टक्के. लाभांश धरताच फंड वर्षाला जवळपास एक टक्का मागे पडला. रुपयांत सांगायचे तर 1,72,000 विरुद्ध 1,79,500.

व्यवस्थापकाला काही जमले नाही, असा निष्कर्ष मात्र इथे काढू नये. डायरेक्ट प्लॅनची एनएव्ही 42 वरून 76.02 झाली. हा परतावा 12.60 टक्के, म्हणजे टीआरआयपेक्षा थोडा वर. कापलेला खर्च परताव्यात पुन्हा मिळवला, तर दोन्ही प्लॅनमधून खर्चापूर्वीचा परतावा सारखाच, सुमारे 13.6 टक्के येतो. व्यवस्थापकाने निर्देशांकावर वर्षाला सुमारे 1.2 टक्के जास्त कमावले होते. रेग्युलरचा 1.9 टक्के खर्च ती कमाई पूर्ण खाऊन वर निर्देशांकाच्या परताव्यातलाही भाग घेऊन गेला. डायरेक्टमध्ये 0.2 टक्के गुंतवणूकदाराच्या हाती उरले. ‘व्यवस्थापक कुशल आहे का’ आणि ‘खर्च सार्थकी लागला का’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि गुंतवणूकदाराला दुसऱ्याचेच उत्तर हवे असते.

आणखी एक तुलना न्यायाची आहे. टीआरआय हा कागदावरचा आकडा आहे. त्याला दलाली, कर किंवा खर्च लागत नाही आणि तो थेट विकतही घेता येत नाही. प्रत्यक्षातला पर्याय म्हणजे त्याच निर्देशांकावरचा इंडेक्स फंड. तो खर्च आणि व्यवहारांमुळे निर्देशांकापेक्षा 0.3 टक्के मागे राहिला असे धरले, तर 1 लाखाचे सुमारे 1,77,000 झाले असते. त्यासमोर डायरेक्टचे 1,81,000 खरोखर जास्त आहेत आणि रेग्युलरचे 1,72,000 खरोखर कमी. डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनमधला 9,000 रुपयांचा फरक वितरकाच्या सेवेची किंमत आहे. वितरकाने पडत्या बाजारात पैसे काढण्यापासून थांबवले असेल, तर ती किंमत कुणाला परवडेलही. पण तिची नोंद शेअर निवडण्याच्या कौशल्यात होऊ नये.

एसआयपी असेल तर

दरमहा हप्त्यांनी गुंतवलेल्या पैशांना वरचे सूत्र चालत नाही, कारण प्रत्येक हप्ता वेगळा काळ गुंतलेला असतो. इथे एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून येणारा वार्षिक परतावा, काढतात, आणि सर्वाधिक गोंधळ याच टप्प्यावर होतो. एसआयपीचा एक्सआयआरआर निर्देशांकाच्या पाच वर्षांच्या वार्षिक परताव्यासमोर ठेवला जातो. हे दोन आकडे एकाच प्रकारचे नाहीत. योग्य पद्धत अशी: ज्या तारखेला ज्या हप्त्याचे युनिट मिळाले, त्याच तारखेच्या टीआरआयने ती रक्कम भागून काल्पनिक युनिट मांडावीत. शेवटी त्यांची बेरीज अखेरतारखेच्या टीआरआयने गुणावी आणि आलेल्या रकमेवर त्याच हप्त्यांचा एक्सआयआरआर काढावा. तारीख बँकेतून पैसे गेल्याची नव्हे, युनिट मिळाल्याची घ्यायची. ती खातेउताऱ्यात असते.

निकालावर किती भरवसा ठेवावा

एका आरंभतारखेचा निकाल नशिबाचाही असू शकतो. म्हणून दर महिन्याची सुरुवात धरून पाच-पाच वर्षांचे सरकते परतावे काढतात आणि त्यांतल्या किती खिडक्यांत फंड पुढे राहिला ते मोजतात. दहा वर्षांच्या आकड्यांतून अशा 61 खिडक्या मिळतात. मात्र त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशी पाच-पाच वर्षे त्यांत दोनच असतात. 61 पैकी 50 वेळा पुढे, हे वाक्य त्यामुळे वाटते तेवढे वजनदार नाही.

दुसरी मर्यादा मानदंडाची आहे. मध्यम आकाराच्या कंपन्यांचे, म्हणजे मिड कॅप, शेअर भरपूर असलेल्या योजनेसमोर निफ्टी 50 ठेवला, तर दिसणारी आघाडी कौशल्याची नसून मिड कॅपच्या तेजीची असू शकते. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये योजनांचे प्रकार निश्चित केले आणि 2018 मध्ये अनेक योजनांची नावे, गुंतवणुकीचे नियम व मानदंड बदलले. काही योजना दुसऱ्या योजनांत विलीन झाल्या. त्या वर्षाच्या अलीकडची आणि पलीकडची एनएव्ही एकाच सलग आलेखात दिसते, पण तिच्यामागची योजना एकच असेल असे नाही. अशा योजनेचा हिशेब बदलाच्या तारखेला तोडून, दोन्ही तुकड्यांसमोर त्या त्या काळाला शोभणारा टीआरआय ठेवून करतात.